ईशाच्या स्क्रिप्टबद्दल

प्रिय ईशू,

स्क्रिप्ट वाचली गं. गोष्ट मस्त आहे, पण मीराचा किचनमधला सीन तुला पुन्हा लिहावा लागेल, तोच धरून सांगते.

सीनच्या वरची जागा-वेळ सांगणारी ओळ, म्हणजे स्लगलाइन, तू दिलीयेस "घर, संध्याकाळ" आणि खाली लिहिलंयस की मीरा किचनमध्ये उभी आहे, तिला आईची आठवण येतेय, खूप एकटं वाटतंय, मग ती गॅलरीत जाते. आता घरात नेमकं कुठे ते स्लगलाइनमध्येच यायला हवं, आणि किचन आत, गॅलरी बाहेर, म्हणजे लाइट वेगळा, सेटअप वेगळा, म्हणून गॅलरीला नवी स्लगलाइन. असिस्टंट डिरेक्टर ब्रेकडाउन करताना याच ओळींवरून शूटचे दिवस लावतो, ती नसेल तर गॅलरीचा शॉट शेड्यूलमधून सरळ सुटतो. संध्याकाळचा उजेड फार थोडा वेळ टिकतो, तुला तोच हवा नसेल तर रात्र लिही. आणि एकदा किचन लिहिलंस की शेवटपर्यंत किचनच, मध्येच स्वयंपाकघर केलंस की सॉफ्टवेअर दोन लोकेशन्स धरतं.

आता ते "एकटं वाटतंय". कॅमेऱ्याला हे दिसणार कसं? अ‍ॅक्शन लाइनमध्ये फक्त दिसतं नि ऐकू येतं तेच, तेही वर्तमानकाळात. मी असं लिहीन बघ:

```
INT. किचन - रात्र

मीरा दोन कप काढते. थांबते.
एक कप परत ठेवते.

          बाबा (O.S.)
     चहा झाला का गं?

          मीरा
     आणते.

EXT. गॅलरी - रात्र

मीरा एकटीच चहा पितेय.
```

आठवण हा शब्द कुठेच नाहीये तरी कळतं ना? आणि ओळी तोडल्यात त्याही मुद्दाम, कप परत ठेवणं वेगळ्या ओळीत आलं की वाचणाऱ्याला तो वेगळा शॉट दिसतो. तुझा अ‍ॅक्शनचा एक पॅरा अकरा ओळींचा झालाय, तीन-चारच्या वर जाऊ देऊ नकोस.

बाबा बाहेरच्या खोलीतून बोलतायत, म्हणजे जागेवरच आहेत पण फ्रेममध्ये नाहीत, म्हणून O.S. फोनवरचा आवाज किंवा निवेदन असेल तर V.O. तू सगळीकडे V.O. टाकलंयस, त्याने साउंडवाल्याचा गोंधळ होईल, बाबांचं वाक्य सेटवर घ्यायचंय की नंतर डबिंगमध्ये हेच त्याला कळणार नाही. आणि प्रत्येक डायलॉगच्या वर कंसात "रागाने", "दुःखाने" लिहिलंयस ते काढ. वाक्य उलट्या अर्थाने वाचलं जाण्याची शक्यता असेल तिथेच ठेव, बाकी नटांवर सोड.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब 12 पॉइंट कुरियरमधल्या इंग्रजी पानाचा आहे, देवनागरी फॉन्टला तो तंतोतंत लागू होत नाही. त्यामुळे दहा पानं झाली म्हणजे दहा मिनिटांची फिल्म झाली असं धरू नकोस, अ‍ॅक्शनसकट मोठ्याने वाच आणि स्टॉपवॉच लाव.

पुढचा ड्राफ्ट पीडीएफ करून पाठव, वर्डची फाइल माझ्या फोनवर उघडली की सगळे मार्जिन हलतात.

आई