माझा 'परंतु' खोडणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सादर नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या कादंबरी पुरस्काराचं मानपत्र परवा गावापुढे वाचून झालं. निवड आम्हा तिघांची, पण लिहायचं माझ्या गळ्यात आलं होतं. पहिला खर्डा तुमच्या नजरेखालून गेला नसता तर हसंच झालं असतं. म्हणून हे आभार चारचौघांत.

खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'ग्रामीण जीवनाचं प्रत्ययकारी चित्रण.' तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "हे वाक्य कपाटातल्या कोणत्या पुस्तकाला लागत नाही, ते सांग बरं." मी गप्प. मग तुम्हीच पान काढलंत. पोरगा पऱ्हाटीचं एक फूल बापाला दाखवतो; न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं. बाप ते बांधावर फेकतो आणि बैलांना पाणी दाखवायला जातो. 'डोमकळी' हा शब्द कुठंच नाही. गुलाबी बोंडअळी पाकळ्या आतून धाग्यानं बांधते, हे लेखक समजावत बसत नाही. ठाऊक आहे तो तिथंच चरकतो. बाकीच्यांना खूप पुढे, वेचणीत किडका, कवडी कापूस हाती येतो तेव्हा कळतं. मानपत्रात आम्ही हेच लिहिलं. विशेषणं आपोआप गळाली.

खरी अडचण पुढे होती. 'परंतु स्त्री-पात्रं दुबळी आहेत' असं मी शेवटी चिकटवलं होतं. तुम्ही आधी 'परंतु' खोडलात, कारण त्यानं वरचं कौतुक पुसलं जातं. मग विचारलंत, दुबळी पात्रं आहेत की सांगणाऱ्याची नजर? गोष्ट बाप सांगतो. वेचणाऱ्या बाया त्याला किलोच्या हिशेबातच दिसत असतील, तर तो त्याचा स्वभाव झाला. लेखकाला त्यापलीकडचं दिसतं का, याची एखादी खूण पुस्तकात सापडायला हवी. आपण दोघं संध्याकाळभर ती शोधत बसलो. एकच सापडली. वेचणी सुरू करताना शेतात पूजा होते, त्या सीतादहीच्या दिवशी बायको पूजा मांडते आणि नवऱ्याकडे न बघता म्हणते, "औंदा वेचायला मी येणार नाही." का, हे तो विचारत नाही. लेखकही त्या वाक्याकडे पुन्हा वळत नाही.

त्यावरून अंतिम मजकूर असा झाला: 'ही कादंबरी बापाच्या नजरेशी शेवटपर्यंत प्रामाणिक राहते, तिची ताकद त्यातच आहे. त्या नजरेआड काय घडतं याची चाहूल सीतादहीच्या प्रसंगात लागते आणि तिथंच थांबते. ते दार लेखकाला उघडता आलं नाही, असं आम्हाला वाटतं.'

'वाटतं' हा शब्द तुमचा. मला तो भित्रेपणाचा वाटला होता. पण तिघांपैकी एकाचं मत वेगळं होतं. ते दार मिटलेलंच बरं, असं त्यांना वाटत होतं. 'वाटतं' आल्यावर त्यांनीही सही केली.

सभेत ते वाक्य वाचताना माझा आवाज जरा खालीच गेला. लेखक पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते. नंतर चहाच्या वेळी त्यांनी पान नंबर तेवढा विचारून घेतला.

तुमची प्रत अजून माझ्याकडेच आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. रविवारी आणून देतो.

तुमचा विद्यार्थी