मनू, रात्री काही टाकू नकोस

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, तेजूनं मेसेज बघून सहा दिवस उत्तर दिलं नाही, तिला ब्लॉकच करते, आणि मी तुझ्यावर ओरडलो. चुकलं माझं. पण रात्रभर तेच डोक्यात होतं, तू रागात तिला काहीतरी टाकशील म्हणून.

तू तिला टाकलेला तो मेसेज मी परत वाचला. चौदा ओळी आणि खरा प्रश्न बाराव्या ओळीत, की रूममध्ये माझ्याबरोबर राहतेस का. आता ब्ल्यू टिक म्हणजे चॅट उघडलं एवढंच गं. माणूस बसमध्ये बघतो, निवांत लिहू म्हणतो, तेवढ्यात वर दहा मेसेज येतात नि आपला खाली जातो.

शिवाय आमच्या बाळूचं तुला माहितीये. शाहूपुरीत गुळाच्या गाळ्यात भागीदारी करूया म्हणून मी त्याला पत्र घातलं, महिना झाला तरी उत्तर नाही, तर मी दुसरं पत्र घातलं, "दोन ओळी लिहायला पण फुरसत नाही होय?" अकरा वर्षं बोललो नाही आम्ही. मग रंकाळ्यावर भेटला तेव्हा म्हणाला, हो म्हणायला पैसे नव्हते आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. असो, मी कुठं निघालो.

तर तिला नाही म्हणायची वाट मोकळी करून दे. जुन्या मेसेजलाच रिप्लाय कर म्हणजे तिला वर शोधायला नको, आणि एवढंच लिही:

"तेजू, हे रूमचं. घरमालकाला २० तारखेपर्यंत टोकन द्यायचंय. येतेस का? जमणार नसेल तर नुसतं 'नाही' टाक, मी दुसरी पार्टनर बघते, मला राग येणार नाही."

सहा दिवस झाले हे लिहू नकोस, ते तिला दिसतंच. "बिझी असशील" पण नको, तो टोमणाच वाटतो. नुसतं प्रश्नचिन्ह तर अजिबात नको. आणि मुलींच्या ग्रुपवर विचारू नकोस, चारचौघींत तिला अवघडल्यासारखं होईल. आज १४ आहे, उद्या सकाळीच टाक, १९ ला टाकलास तर घाई तुझी आणि धावपळ तिची.

१७ पर्यंत काहीच आलं नाही तर दुपारी एकदा फोन कर, एकदाच. उचलला नाही तर "१८ ला दुसरीला विचारते गं" एवढं कळव आणि खरंच विचार, नुसतं घाबरवायला तारीख सांगू नये. मग तो विषय सोड, तेजूला सोडू नकोस.

बघ, परत शिकवायला लागलो. तू तुझं तुझं बघतेस, पहिल्या पगारातनं आईला साडी आणलीस, मला सगळं कळतं. पण तेजू दहावीपासनं आपल्या घरात जेवलेली पोरगी आहे, आणि तू माझ्यासारखीच लगेच तापतेस, म्हणून भीती वाटते.

आईनं कांदा-लसूण चटणी पाठवलीय. मोठी बरणी तुझी, छोटी तेजूची, ती काहीही म्हणाली तरी नेऊन दे.

आज रात्री काही टाकू नकोस बाळा.

बाबा