आठवा पत्ता कोणता?

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या टॅरो डेकमध्ये आठव्या क्रमांकावर स्ट्रेंग्थ आहे आणि मैत्रिणीच्या मार्सेय डेकमध्ये तिथे जस्टिस. मग चुकलं कोण, असं विचारलंयस. कोणीच नाही. मार्सेयचा क्रम जुना, आठ जस्टिस आणि अकरा स्ट्रेंग्थ. तुझा रायडर-वेट डेक १९०९चा, त्यात ही अदलाबदल मुद्दाम केलेली आहे.

तिचं मूळ लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळीत आहे. त्यांची संस्था १८८८ची. हिब्रू अक्षरं बावीस आणि मेजर अर्काना, म्हणजे टॅरोचे मुख्य पत्तेही बावीस, म्हणून एकेका पत्त्याला त्यांनी एकेक अक्षर दिलं. यातली बारा अक्षरं बारा राशींची, ओळीने. शून्य क्रमांकाचा फूल, म्हणजे मूर्खाचा पत्ता, सर्वांत आधी ठेवला की एम्परर मेषेवर येतो, हायरोफंट वृषभेवर, लव्हर्स मिथुनेवर, चॅरियट कर्केवर. पुढची रास सिंह, आणि तिच्या वाट्याला आला आठवा पत्ता, म्हणजे हातात तराजू धरलेली जस्टिस! तूळ रास पोचली अकराव्यावर, तिथे सिंहाचा जबडा धरून उभी असलेली स्ट्रेंग्थ. राशींचा क्रम तर हलवता येत नाही, मग त्यांनी पत्ते हलवले. आर्थर वेट त्याच संस्थेतला. त्याने स्वतःच्या डेकमध्ये हाच क्रम घेतला, पण पुस्तकात कारण दिलं नाही. वाचणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, एवढं म्हणून मोकळा झाला. मला ते पटत नाही.

एकच पत्ता काढून त्याचं चित्र वाचायचं असेल तर त्याचं म्हणणं खरं आहे. तराजू आठवर असो की अकरावर, तराजूच. फरक पडतो तो आकड्यावरून अर्थ काढायला लागलं की. जन्मतारखेचा पत्ता घे. समज, कुणाची तारीख १४ सप्टेंबर १९८६ आहे. १४ अधिक ९ अधिक १९८६, झाले २००९. त्याचे अंक मिळवले की ११. तुझ्या डेकने त्या व्यक्तीला जस्टिस मिळते, मैत्रिणीच्या डेकने स्ट्रेंग्थ. त्या व्यक्तीला तू हिशेबाने, तोलून वागण्याबद्दल सांगशील, तर मैत्रीण तिलाच हिंस्र शक्ती मायेने आवरण्याबद्दल. माणूस तोच, तारीख तीच.

अकराचे अंक पुन्हा मिळवले की दोन, म्हणजे हाय प्रीस्टेस. आता तुझ्या डेकमधले हे दोन पत्ते शेजारी ठेवून बघ. दोघी दोन खांबांच्या मधे बसल्यात आणि दोघींच्या मागे पडदा. जोडी अगदी जमून येते. तसंच मॅजिशियनच्या आणि स्ट्रेंग्थच्या डोक्यावर तेच आडव्या आठसारखं चिन्ह आहे, आणि सात-सात पत्त्यांच्या तीन ओळी लावल्या की एकच्या बरोबर खाली आठ येतो. म्हणून तुझ्या डेकमध्ये नवा क्रम चित्रांना धरून चालतो. मार्सेयमध्ये हेच दोघे रुंद, वळणदार काठाची टोपी घालतात, पण एक आणि अकरावर. ते वाचणारे म्हणतात, दहाचा पहिला फेरा संपला, अकराला नवा सुरू झाला, म्हणून टोपी पुन्हा आली. मला हेही तितकंच पटतं. (दोन्ही पटतं म्हटल्यावर तू हसशील, माहीत आहे.)

शेजार बदलतो तेही बघ. दहावा पत्ता व्हील ऑफ फॉर्च्यून. तुझ्याकडे चाक फिरल्यावर जस्टिस येते, म्हणजे नशिबाच्या मागे केल्याचा हिशेब. मार्सेयमध्ये स्ट्रेंग्थ येते, म्हणजे चाक कसंही फिरो, आता हात स्वतःचा घालायचा. मेजर अर्काना हा प्रवास मानून वाचणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

घोळ होतो तो पुस्तक एका परंपरेचं आणि डेक दुसऱ्या परंपरेचा असला की. पत्त्याचं नाव बघून अर्थ शोधलास तर निभावतं, पण आकडा बघून पान उघडलंस तर जस्टिसच्या जागी स्ट्रेंग्थचा अर्थ वाचशील आणि कळणारही नाही, कारण दोन्ही अर्थ बऱ्यापैकी कुणालाही लागू पडतात. थोथ डेक हातात आला तर जास्त सांभाळ. तो रचणाऱ्या क्रॉलीने आकडे जुनेच ठेवले, आठ आणि अकरा, पण नावं बदलून अॅडजस्टमेंट आणि लस्ट केली, आणि राशी मात्र गोल्डन डॉनच्याच, तूळ आणि सिंह. तिथे आकड्यावरून रास काढायला गेलीस की फसलीस.

जन्मतारखेचा पत्ता वहीत लिहिताना त्यापुढे डेकचं नावही लिहीत जा. मैत्रिणीशी ताडून बघायचं असेल तर दोघींनी आधी एकच क्रम ठरवा आणि मग बेरीज करा.

तुझी,
आई