सतरा नंबरच्या फॉर्मवाल्या मित्रास

प्रिय शेखर,
सप्रेम नमस्कार.

सतरा नंबरचा फॉर्म भरून तू बाहेरून दहावीला बसतो आहेस, हे वाचून आनंद झाला. मराठी कुमारभारतीच्या उपयोजित लेखनाची तुला धास्ती वाटते, असे तू लिहिले आहेस. ऐंशी गुणांच्या कृतिपत्रिकेत या विभागाला २४ गुण आहेत, आणि जुन्या कृतिपत्रिका नीट वाचल्या तर तयारीला सर्वांत सोपा विभाग हाच, असे माझे मत आहे.

दहावीचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये बदलला आणि त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली, म्हणून त्याआधीचे संच जमवू नकोस. त्यांचा आराखडाच निराळा आहे. २०२१ मध्ये लेखी परीक्षा झाली नव्हती, तेव्हा त्या वर्षाची कृतिपत्रिका शोधत बसू नकोस. उरलेल्यांचा पाचवा विभाग तेवढा शेजारी शेजारी मांडून वाच. सहा गुणांना पत्र किंवा सारांश, त्यानंतर जाहिरात, बातमी आणि कथा यांपैकी दोन, प्रत्येकी पाच गुणांच्या, आणि शेवटी आठ गुणांचे प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन, हा क्रम तुला लगेच दिसेल.

पत्राच्या प्रश्नात आधी एखादी सूचना किंवा जाहिरात चौकटीत दिलेली असते आणि तिच्यावरून दोन पत्रे सुचवलेली असतात, त्यांपैकी एकच लिहायचे असते. प्रत्येक जुन्या प्रश्नासमोर एवढेच लिहून ठेव : पत्र कोण लिहितो, कोणाला लिहितो, कशासाठी लिहितो आणि चौकटीत कोणती माहिती नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण चौकटीतला मजकूर सगळेच उतरवतात. जे तिथे नाही आणि पत्राला हवे, ते तुला स्वतः घालावे लागते.

सरावासाठी मी बेतलेला प्रश्न घे. एका रोपवाटिकेने जाहीर केले आहे की वृक्षारोपणासाठी शाळांना सवलतीत रोपे मिळतील. चौकटीत पत्ता, ई-मेल आणि रोपांची नावे आहेत. पहिला पर्याय विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करण्याचा आणि दुसरा उपक्रमाबद्दल व्यवस्थापकांचे अभिनंदन करण्याचा आहे. तू मागणीपत्र निवडलेस, तर डावीकडून दिनांक, मग प्रति, व्यवस्थापक, रोपवाटिकेचे नाव आणि पत्ता, त्याखाली ‘विषय : शालेय वृक्षारोपणासाठी रोपे मिळण्याबाबत’, आणि मग महोदय. मजकुरात प्रथम जाहिरात कुठे वाचली ते एका वाक्यात यावे. त्यानंतर कडुनिंबाची किती, करंजाची किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पत्त्यावर आणि रक्कम कशी देणार, हे सांगावे. चौकटीत नसलेली माहिती ती हीच. झाडांच्या महतीवर परिच्छेद लिहिलास, तर ते पत्र न राहता निबंध होतो. पुष्कळ चांगली मुले इथेच घसरतात, कारण निबंध त्यांना पाठ असतो. शेवटी ‘आपला विश्वासू’, आणि खाली प्रश्नात दिलेले नाव. नाव दिलेले नसल्यास अ. ब. क. लिही, स्वतःचे नाव कधीही नाही. लिहून झाल्यावर फक्त विषयाची ओळ आणि शेवटचा परिच्छेद वाच : दोन्ही एकच मागणी सांगत नसतील, तर पत्र भरकटले आहे.

माझे हे पत्र नमुना म्हणून धरू नकोस. ते अनौपचारिक आहे, आणि मागणीपत्रात सप्रेम नमस्कार चालत नाही.

निबंधासाठी जुने विषय पाठ करण्याऐवजी त्यांच्यासोबत दिलेले मुद्दे पाहा. आत्मकथनात बोलणारी वस्तू अखेरपर्यंत ‘मी’च राहिली पाहिजे, नदी बोलू लागली आणि मध्येच ‘आपण नद्या स्वच्छ ठेवल्या पाहिजेत’ असे आले, की बोलणारा बदलला असे समज. प्रसंगलेखनात एकच घटना आणि तिथे तू हजर असलेला हवा. वैचारिक लेखनात मात्र तुझी बाजू पहिल्या दोन-तीन वाक्यांतच कळली पाहिजे. या प्रश्नाची शब्दमर्यादा शंभर ते एकशे वीस शब्दांच्या आसपास असते, म्हणजे तुझ्या बऱ्यापैकी मोठ्या अक्षरात पंधरा-सोळा ओळी. त्यात सुविचार आणि काव्यपंक्तींची प्रस्तावना घातलीस, तर मुद्द्यांना जागाच उरत नाही.

आधी वेगवेगळ्या वर्षांची मागणीपत्रे लिही आणि ती मला टपालाने पाठव. सारांशलेखनाचा पर्याय सध्या बाजूला ठेव. त्यात अपठित उतारा एक-तृतीयांश करायचा असतो, आणि तुला लांबण लावायची सवय आहे, हे मला चांगले ठाऊक आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश