तळं खुलं ‘करण्यात आलं’, पण कोणी केलं?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मंडणगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात मी सहावी ते आठवीला मराठी आणि इतिहास शिकवते. तीन वर्ग मिळून पट 23. आमच्या खाडीत येणारी सावित्री महाडवरून येते, आणि आज मला महाडविषयीच लिहायचं आहे.

निमित्त तसं साधंच. मागच्या शिक्षण परिषदेत आम्हाला सांगितलं गेलं की इतिहासाच्या पाठाचं नाट्यीकरण करा, मुलांना वेशभूषा करा आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फोटो टाका. नाट्यीकरण मी बरीच वर्षं करते आहे. आधी चुकीचं केलं, नंतर थोडं जमायला लागलं. म्हणून सांगते, फोटोत दिसतं ते स्नेहसंमेलन असतं. त्यात दोन मुलं बोलतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. पाठ काही शिकवला जात नाही.

माझी चूक आधी सांगते. आठवीच्या इतिहासात ‘समतेचा लढा’ हा पाठ आहे. त्यातला चवदार तळ्याचा प्रसंग मी एका वर्षी वर्गात उभा केला. मध्ये निळी ओढणी अंथरली, तेच तळं. काही मुलं पाणी प्यायला येणारी, काही अडवणारी. अडवणाऱ्यांना एवढा चेव आला की ढकलाढकली झाली आणि वर्ग हसत सुटला. ज्याला ढकललं त्याच्या घरच्यांनी हे खरोखर सोसलेलं होतं, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो दोन दिवस शाळेत आला नाही. अपमानाचा प्रसंग मुलांकडून करून घेतला की एकाला तो पुन्हा भोगावा लागतो आणि दुसऱ्याला करण्यात मजा वाटते. तेव्हापासून तळ्याचा काठ मी वर्गात आणत नाही. आणते ती नगरपालिकेची कचेरी.

कचेरीच का, यासाठी क्रम बघावा लागतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्यांसारखी ठिकाणं अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली करावीत, असा तो ठराव. त्याला धरून 1924 च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस तेव्हा नगराध्यक्ष होते. म्हणजे कागदावर तळं खुलं झालं होतं. तरीही 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. मधल्या तीन वर्षांत काय झालं? पाठाचा गाभा या प्रश्नात आहे, आणि तो नुसता वाचून दाखवला तर मुलांच्या कानावरून निघून जातो.

तर पहिल्या तासाची सुरुवात अशी. दोन्ही ठराव माझ्या सोप्या शब्दांत अर्ध्या पानावर लिहिलेले असतात. मुलं ते जोडीनं वाचतात. दहा मिनिटं. मग मी सांगते, आपण सगळे 1924 सालच्या महाड नगरपालिकेतले कारकून आहोत. ठराव काल झाला, अंमल आपल्याला करायचा आहे. यात कोणी खलनायक नाही, बळीही नाही, आणि कोणाला जात दिलेली नाही. सहा मुलं असोत की चाळीस, सगळ्यांची भूमिका एकच. कमी पटाच्या शाळेत हे फार सोयीचं पडतं. वीस पात्रं आणायची कुठून?

मी स्वतः मुख्याधिकारी होते. शिक्षकानं भूमिकेत शिरून वर्गाला कामाला लावायची ही रीत इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट या शिक्षिकेनं रुजवली. आपल्याकडे ती परकी वाटायचं कारण नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात संवाद लिहून देत नाहीत. कथा ठरते, बोलणं रंगमंचावर उभं राहून सुचतं. माझ्या वर्गातही परिस्थिती माझी आणि वाक्यं मुलांची.

पुढची पंधरा मिनिटं मुलं कामं वाटून घेतात. फलक लावायचा. दवंडी पिटायची. या वर्षी एक मुलगा म्हणाला, “ठराव झालाय ना, मग जातील की लोक.” मी मुख्याधिकाऱ्याच्याच आवाजात विचारलं, “पहिला कोण जाईल? आणि एकटा जाईल?” वर्ग गप्प. मग मी एक अर्ज टेबलावर ठेवला. तळ्याकाठच्या एका घरमालकाचा. त्यात लिहिलं होतं की तळं आमच्या वाडवडिलांच्या वहिवाटीचं आहे, फलक लावलात तर आम्ही कोर्टात जाऊ. हा अर्ज माझा रचलेला, आणि तसं त्याच्या डोक्यावर लिहिलेलंही होतं. पण विरोध असा कागदावरून आला की कोणा मुलाला तो तोंडानं बोलावा लागत नाही. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “एकटं कोणीच जाणार नाही. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी जायला हवं.”

तिथेच मी थांबवलं. सगळ्यांना उभं केलं, जागा बदलायला लावल्या, “आता आपण आठवीचा वर्ग” असं मोठ्यानं सांगितलं आणि पुस्तक उघडायला लावलं. भूमिकेतून बाहेर पडण्याची खूण अशी स्पष्ट हवी, नाहीतर मधल्या सुट्टीतही कोणी मुख्याधिकारी राहतो. उरलेल्या दहा मिनिटांत पुढच्या तारखा फळ्यावर आल्या. 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दावा दाखल होऊन तळ्यावर जायला तात्पुरती मनाई झाली. उच्च न्यायालयाचा निकाल आला तो 17 मार्च 1937 ला. बंदीची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आलं नाही. बोल्यांचा ठराव मंजूर झाला तीच तारीख नगरपालिकेचा ठराव मागे घेण्याची, 4 ऑगस्ट, हे एका मुलानं पकडलं. मी इतकी वर्षं शिकवते, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा तास मराठीचा. आदल्या तासाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. कचेरीची भाषा मुलांनी ऐकलेली असते, त्यामुळे बहुतेकांनी लिहिलं: “तळे सर्वांस खुले करण्यात येत आहे. फलक लावण्यात यावा.” मी फक्त एक खूण करायला सांगितली, प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याखाली रेघ. रेघ ओढायला कर्ता सापडेना. मग तीच वाक्यं पुन्हा लिहायची, कोण, केव्हा, कुठे हे घालून: “शिपाई उद्या सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या पायरीवर फलक लावतील.” असं लिहिताना मुलं अडखळली, कारण शिपायाला भीती वाटेल हे त्यांना आता कळत होतं. ठराव तीन वर्षं कागदावर कसा राहू शकतो, हे व्याकरणानं दाखवलं. (आपल्या विभागाच्या परिपत्रकांवरही हा खेळ खेळून पाहावा. राग मानू नये.)

भाषेचं आणखी एक घडतं. कारकून आपसांत बोलतात तेव्हा मुलं घरच्या बोलीत बोलतात. मुख्याधिकाऱ्याशी बोलताना आपोआप प्रमाण भाषेकडे वळतात. इतिवृत्तात तिसरंच वळण येतं. बोली चुकीची आणि पुस्तक बरोबर असं मला सांगावं लागत नाही. कुठे काय शोभतं ते त्यांनाच उमगतं.

आता यातला धोका. पहिल्या वर्षी परीक्षेत एका मुलीनं लिहिलं की महाडच्या मुख्याधिकाऱ्यांनी “पहिला कोण जाईल?” असं विचारलं. ते मी विचारलं होतं! रचलेलं आणि घडलेलं मुलांच्या डोक्यात एक होतं, आणि नाट्य जितकं रंगेल तितकं जास्त होतं. म्हणून आता दुसऱ्या तासाच्या शेवटी वहीत तीन रकाने आखतो: ‘कागदात आहे’, ‘आपण अंदाज केला’, ‘आपण रचलं’. वर्गात बोललेली निदान दहा वाक्यं त्यात टाकायची. पहिला रकाना रिकामा राहिला तर समजावं की तो तास नाटकाचा झाला, इतिहासाचा झाला नाही.

लढायांना ही पद्धत मी लावत नाही. लाकडी तलवारी फिरतात, बाकी काही शिकून होत नाही. जिथे कोणाला तरी काही ठरवायचं होतं आणि ते ठरवणं अवघड होतं, तिथेच ती चालते. असे पाठ वर्षात तीन-चार निघतात. एका पाठाला दोन तास जातात, म्हणून जास्त करताही येत नाहीत.

महोदय, मागणं थोडं आहे. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाचे 40 गुण आहेत आणि त्यात उपक्रम, तोंडी काम ही साधनं आधीपासून आहेत. नवीन नोंदपत्रक नको. मुलाचं इतिवृत्त आणि तीन रकान्यांचं पान हाच पुरावा धरला जावा आणि वेशभूषेच्या फोटोंची सक्ती थांबावी. महिन्यातून एकदा इतिहास आणि मराठीचे तास सलग लावायची मुभा मिळावी. तास मधेच तुटला की कारकून जेवायला जातात आणि परत येतात ते आठवीची मुलं होऊन.

तिसरं मागणं खर्चाचं आहे. मूळ ठराव, निकालपत्रं आणि त्या काळची वर्तमानपत्रं खेड्यातल्या शिक्षकापर्यंत पोहोचत नाहीत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं दर इयत्तेच्या तीन पाठांसाठी चार-चार पानांचे मूळ कागद सोप्या टिपांसह छापून द्यावेत. आमच्या जिल्ह्यासाठी महाड आणि 1930 चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह एवढ्यानं सुरुवात झाली तरी पुरे. संवाद मात्र लिहून पाठवू नयेत. ते मुलं करतील.

प्रशिक्षण द्यायचंच असेल तर सभागृहात पडद्यावर दाखवू नये. आम्हा तीस शिक्षकांना खरोखर कारकून करावं आणि समोर तो घरमालकाचा अर्ज ठेवावा.

पुढचा तास मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, सकाळी साडेदहाला. आपण आलात तर मागच्या बाकावर कारकून म्हणून जागा आहे. अर्ज आपल्याही हातात येईल, आणि मुलं विचारतील की फलक कोण लावणार.

आपली विश्वासू,
एक पदवीधर शिक्षिका
ता. मंडणगड, जि. रत्नागिरी