राइट्स इश्यूत गप्प बसणे महागात पडते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यापार पानावर 'अमुक कंपनीचा राइट्स इश्यू, चार शेअरमागे एक' अशा दोन ओळींच्या बातम्या येतात. ज्याच्याकडे ते शेअर आहेत, त्याने पुढे काय करायचे हे मात्र त्यात नसते.

शेजारच्या अण्णांनी परवा डिमॅट खात्याचा कागद दाखवला. कंपनीच्या नावाखाली त्याच नावाची आणखी एक ओळ होती, शेवटी 'आरई' अशी अक्षरे आणि खरेदी किंमत शून्य. बोनस आला असे समजून अण्णा खुशीत होते. पण ते शेअर नव्हते, सवलतीत शेअर घेण्याचा हक्क होता. इश्यू बंद झाला की ती ओळ खात्यातून जाते आणि हक्क रद्द होतो.

त्यात किती पैसे जातात, ते एका हिशेबाने सांगतो. समजा, बाजारात 200 रुपये भाव असलेल्या कंपनीचे 100 शेअर तुमच्याकडे आहेत. कंपनी चार शेअरमागे एक नवा शेअर 120 रुपयांना देते, म्हणजे तुम्हाला 25 हक्क मिळतात. जुने चार 800 रुपयांचे, नवा 120 चा. पाच शेअर मिळून 920, म्हणजे एकाचा भाव 184 वर यायला हवा. तुमचे 20,000 चे शेअर 18,400 वर येतात. उरलेले 1,600 त्या हक्कांत असतात: 184 वजा 120 म्हणजे 64 रुपये, गुणिले 25. तुम्ही 3,000 भरून शेअर घेतले तर 125 शेअर, 23,000 चे, म्हणजे भरलेले पैसे वजा जाता 20,000 च. पैसे नसतील तर हक्क बाजारात विकून 1,600 च्या आसपास हाती येतात. बाजारात थोडे इकडेतिकडे होणारच, शिवाय दलाली आणि कर आहे. दोन्हीपैकी काहीच केले नाही, तर ते 1,600 गेले. कंपनी त्याबद्दल काही देत नाही. एक अपवाद आहे: बाजारभावच इश्यूच्या किमतीखाली गेला, तर हक्काला किंमत उरत नाही आणि गप्प बसणेच शहाणपणाचे.

पेच तारखांचा आहे. हक्कांची बाजारातली विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते. रिलायन्सच्या 2020 च्या इश्यूत ती 29 मे रोजी थांबली, इश्यू 3 जूनला बंद झाला. शेवटच्या दिवशी जागा होणाऱ्याला पैसे भरून शेअर घेता येतात, पण बाजारात हक्क विकता येत नाहीत. ज्यांचे शेअर अजून कागदी आहेत, त्यांचे हक्क एका वेगळ्या खात्यात थांबलेले असतात. इश्यू बंद होण्याआधी इश्यूचे काम पाहणाऱ्या रजिस्ट्रारला डिमॅटचा तपशील दिला नाही तर तेही बुडतात. आपल्याकडे ट्रंकेत शेअर सर्टिफिकेटे जपणारी घरे कमी नाहीत. म्हणून विनंती: बातमीत दोन्ही तारखा छापा, विक्रीची शेवटची आणि इश्यूची शेवटची.

विलीनीकरणात अशी धावपळ नसते. 2013 साली स्टरलाइट इंडस्ट्रीज आपल्या सेसा गोवामध्ये विलीन झाली. सेसा गोवाचे शेअर होते त्यांचा आकडा बदलला नाही, कंपनीचे नाव मात्र आधी सेसा स्टरलाइट आणि पुढे वेदांता झाले. स्टरलाइटवाल्यांना पाच शेअरमागे सेसाचे तीन मिळाले. अशा अदलाबदलीत अपूर्णांक उरला तर त्याचे पैसे बँकेत येतात, तेव्हा नोंदवलेले बँक खाते चालू असावे. मूळ खरेदीची पावती मात्र फेकू नये. नवे शेअर विकताना करासाठी जुनीच किंमत आणि तारीख धरली जाते.

याच वेदांताने 2020 मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. आपले शेअर प्रवर्तकांना किती रुपयांना देणार, हे भागधारकांनी सांगायचे होते. किमान किंमत 87.25 रुपये होती, एलआयसीने आपले शेअर 320 ला देऊ केले. प्रवर्तकांकडे 90 टक्के शेअर जमायला हवे होते, तेवढे जमले नाहीत. योजना फसली आणि देऊ केलेले शेअर ज्याचे त्याला परत मिळाले. योजना यशस्वी झाली असती तर न विकणाऱ्यांनाही ठरलेल्या किमतीला प्रवर्तकांकडे शेअर देण्यासाठी किमान एक वर्ष मिळाले असते. त्या वर्षात शेअर दिले नाहीत तरी मालकी राहते, लाभांश जाहीर झाला तर तोही मिळतो. फक्त भाव सांगणारा बाजार उरत नाही, गिऱ्हाईक स्वतः शोधावे लागते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, फोंडा