दोन मिनिटांची गैरसोय आणि माझी अर्धी रजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला दुहेरी पडताळणीवरचा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवर पुन्हा ओळख पटवण्यावरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यात घोळत होता, म्हणून आज सुट्टी असूनही लिहायला बसले. लेखकांचं म्हणणं असं की सुरक्षेपुढे दोन मिनिटांची गैरसोय ती काय, आणि कर्मचारी अडकतात ते स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. लेखकांना एकच विचारायचं आहे. आपण पहाटे सहाच्या शिफ्टला कधी बसला आहात का? बसला असतात तर 'दोन मिनिटं' हा शब्द जरा जपून वापरला असतात.

मी खराडीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये आहे. आमची हजेरी संगणकावर लागते, तीही कंपनीच्या त्याच एका लॉगिनमधून, ज्यातून मेल, सॉफ्टवेअर, रजेचा अर्ज सगळं उघडतं. गेल्या महिन्यात माझा फोन बदलला. मुलाने रविवारी रात्री बसून फोटो, नंबर, व्हॉट्सॲप सगळं नव्यावर आणून दिलं. ही ओळख पटवणारं ऑथेंटिकेटर ॲपही आलं, त्यात कंपनीच्या खात्याचं नावही दिसत होतं. जुना फोन आदल्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये गेला होता. मी निवांत झोपले.

सोमवारी कॅबने पोचून ५:४७ला गेटवर कार्ड लावलं. ५:५५ला जागेवर. पासवर्ड टाकला, स्क्रीनवर दोन आकडी संख्या आली: ही फोनमध्ये टाइप करा. फोन मख्ख. पुन्हा केलं, नवी संख्या आली, फोन तसाच. खाली 'दुसऱ्या पद्धतीने आत या' अशा अर्थाची ओळ असते. ती दाबली तर पर्याय एकच, तेच ॲप, कारण माझ्या नावावर दुसरं काही नोंदवलेलंच नव्हतं.

आता जे मला त्या दिवशी दुपारी कळलं ते सांगते, कारण लेखात त्याचा एक शब्द नाही. बॅकअपमधून ऑफिसच्या खात्याचं नाव नव्या फोनवर येतं, पण त्यामागची गुप्त किल्ली येत नाही. ती जुन्या फोनमध्येच राहते आणि ती तशीच राहावी अशीच रचना आहे. नाहीतर कुणीही आपला बॅकअप चोरून आपल्या नावाने आत शिरेल. म्हणजे माझ्या नव्या फोनवर दुकानाची पाटी होती, दुकान नव्हतं. ओळखायचं कसं? त्या नावावर बोट ठेवलं की ॲप पुन्हा साइन-इन करायला सांगतं. हे रविवारी रात्री पाहिलं असतं तर कळलं असतं. जुना फोन हातात असता तर कामही फार नव्हतं: जुन्याने लॉगिन करायचं, खात्याच्या सुरक्षा-माहितीच्या पानावर नवा फोन जोडायचा, एकदा चालतोय हे बघायचं, मग जुना काढायचा. हे एक वाक्य कंपनीने कधी मेलवर पाठवलं असतं तर मी निष्काळजी ठरले नसते. पाठवलं होतं म्हणे, नोकरीला लागताना, इतर चाळीस पानांसोबत.

असो. सहा वाजून गेले. आमच्याकडे सवलत दहा मिनिटांची. सर्व्हिस डेस्कला फोन करावा तर त्यांचा नंबर कंपनीच्या अंतर्गत साइटवर, आणि ती साइट त्याच लॉगिनच्या आत. शेवटी प्रिंटरवर चिकटवलेल्या एका जुन्या स्टिकरवर नंबर सापडला. बराच वेळ गाणं ऐकून झाल्यावर एका मुलाने उचललं. "मॅम, तिकीट रेज केलंय, लिंक तुमच्या ऑफिसच्या मेलवर येईल." मी म्हटलं, "बाळा, मेल उघडत असता तर मी तुला फोन कशाला केला असता?" तो हसला, मीही हसले. त्या सकाळचा तेवढाच एक चांगला क्षण.

मग प्रश्नोत्तरं. रुजू झाल्याची तारीख, मॅनेजरचं नाव, पगाराच्या खात्याचे शेवटचे चार आकडे. त्यावर मॅनेजरची लेखी मंजुरी हवी. आमच्या मॅनेजर दुपारी एकच्या शिफ्टला येतात, म्हणजे तेव्हा त्या गाढ झोपेत. या चौकशीबद्दल माझी तक्रार नाही. २०२३च्या सप्टेंबरात लास वेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेल-कॅसिनो कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांनी कर्मचारी असल्याचं भासवून हेल्प डेस्कला फोन केला होता, असं सगळीकडे छापून आलं होतं. त्या पोराने नुसत्या आवाजावर मला आत सोडावं असं मी म्हणणार नाही. पण सहाच्या शिफ्टची ओळख पटवायला एकच माणूस, तोही दुपारी एकला येणारा? माझी टीम लीड माझ्या शेजारी उभी होती, तिला मी सहा वर्षं रोज दिसते, तिची मंजुरी मात्र चालत नाही.

मॅडमना चार वेळा फोन केल्यावर त्या उठल्या, बिचाऱ्यांनी अंथरुणातूनच मंजुरी पाठवली. ८:०५ला त्या मुलाने फोनवर आठ अक्षरी टेम्पररी ॲक्सेस पास वाचून दाखवला. हा पास म्हणजे तात्पुरती चिठ्ठी. ठरलेल्या मुदतीपुरती चालते, आमच्याकडे एक तास, आणि आमच्याकडे ती एकदाच वापरता येते. "मॅम, आधी सिक्युरिटी इन्फोच्या पानावर जा, नवा फोन जोडा," असं तो सांगत होता. इकडे टीम लीड मागून, "ताई, आधी क्लॉक-इन करा, सव्वाआठ झाले की अर्धा दिवस जाईल!"

मी काय केलं असेल ते कुणीही सांगेल. पास हजेरीच्या पानावर टाकला. ८:११ला हजेरी लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी साठलेल्या कामाला भिडले. एकदाच चालणारी चिठ्ठी असली तर तिने आत शिरल्यापासून दहा मिनिटांत नवा फोन जोडून घ्यावा लागतो, हे मला कुठून माहीत असणार? साडेदहाला चहाला जाताना संगणक बंद करून गेले, परत आले तर पुन्हा तीच दोन आकडी संख्या आणि तोच मख्ख फोन. चिठ्ठी संपलेली. पुन्हा स्टिकरवरचा नंबर, पुन्हा गाणं, पुन्हा रुजू झाल्याची तारीख, पुन्हा मॅडम. आणखी पन्नास मिनिटं. या वेळी मुलाचं ऐकलं, आधी फोन जोडला, चार मिनिटांत झालं. तेव्हा ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी हजेरीचा मोह सोडावा आणि चिठ्ठी आधी फोन जोडायला वापरावी. शिवाय त्याच पानावर लगेच दुसरा मार्गही नोंदवून ठेवावा, ऑफिस देत असेल तो. सगळी मदार एका फोनवर ठेवली की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

महिनाअखेरीला पगार आला तो अर्धा दिवस कापून. सिस्टिमच्या म्हणण्याप्रमाणे मी त्या दिवशी सलग अमुक तास 'लॉगिन' नव्हते. मी हजेरी दुरुस्तीचा, म्हणजे रेग्युलरायझेशनचा अर्ज केला, सोबत गेटच्या कार्डाची ५:४७ची नोंद जोडली. उत्तर आलं की गेटची नोंद सुरक्षा विभागाची असते, हजेरीसाठी ग्राह्य नाही. म्हणजे माझ्यावर चोरीचा संशय आला तर मी ५:४७ला इमारतीत होते, आणि पगाराचा प्रश्न आला तर नव्हते.

माझे वडील गिरणीत होते आणि युनियनच्या कामात मुरलेले होते. ते सांगायचे की गैरहजेरीचा पगार कापायला कायद्यात अट आहे. वेतन प्रदान अधिनियम, १९३६च्या कलम ९मध्ये ती होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९च्या वेतन संहितेतही तीच भाषा आली आहे: कपात होते ती माणूस कामाच्या जागी हजर नसल्याबद्दल. जागा! मी माझ्या जागेवर सहा वाजल्यापासून होते. खुर्ची, टेबल, टीम लीड सगळे साक्षीला. मी हजर होते, कंपनीचा दरवाजा गैरहजर होता. आमच्या वडिलांच्या गिरणीत कार्ड पंच करायचं यंत्र बिघडलं की टाइमकीपर वहीत नाव लिहून घ्यायचा. आज आमच्या मजल्यावर एक वही ठेवायला काय जातं? टीम लीडने सही करावी, नंतर गेटच्या नोंदीशी ताडून बघावी. सुरक्षेला त्याने कुठे धक्का लागतो ते लेखकांनी सांगावं. वहीतून कुणी ग्राहकांचा डेटा चोरत नाही.

लेखकांनी सल्ला दिला आहे की कोड चालत नसेल तर फोनला नेटवर्क आहे का ते बघा. आमच्या रांगेतल्या एका मुलीला हाच सल्ला आठवडाभर मिळत होता. ती सहा आकडी कोड वापरते, जो दर ३० सेकंदांनी बदलतो. तो कोड फोनमध्येच तयार होतो, गुप्त किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांच्या हिशोबाने. त्याला नेटवर्क लागतच नाही, विमानातही तो बदलत राहील. लागते ती बरोबर वेळ. या बाईंनी कॅब चुकू नये म्हणून फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलेलं, आपल्याकडे घरोघरी भिंतीवर असतं तसं! फोन पाच मिनिटांनंतरचा कोड दाखवायचा, तिकडे सर्व्हर थोडंसंच मागेपुढे मान्य करतो. वेळ 'ऑटोमॅटिक' केली आणि पहिल्याच फटक्यात कोड चालला. तोवर तिचे तीन लेटमार्क झाले होते.

आणि हो, हा फोन माझा आहे. त्याचा हप्ता मी भरते, रिचार्ज मी करते. त्यात कंपनीचं कुलूप बसवलंय आणि त्या कुलपाची जबाबदारीही माझीच. गेटचं कार्ड हरवलं तर कंपनी दोनशे रुपये घेऊन तासाभरात नवं देते. फोन गेला तर मात्र आम्ही निष्काळजी.

अर्ज अजून 'पेंडिंग विथ मॅनेजर' दाखवतो आहे.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये, पत्ता कार्यालयीन नोंदीसाठी सोबत)
पुणे

ता. क. आपला ई-पेपर दर दोन-चार दिवसांनी मला बाहेर काढतो आणि ओटीपी मागतो. पहाटे कॅबमध्ये तो ओटीपी येईपर्यंत मुदत संपलेली असते. वर्षाची वर्गणी मी भरली आहे. कालचा लेख शेजारच्या काकूंकडच्या छापील अंकात वाचला.